“यापेक्षा फ्रीजवरचा कागद बरा” या प्रतिक्रियेला उत्तर

> “तुमचा लेख वाचून सासूबाईंच्या जुन्या आयफोनवर हेल्थ अॅप लावून दिलं. गोळीची वेळ झाली की फोन वाजतो, त्या ‘घेतली’ दाबतात आणि गोळी डबीतच. दिवसभर घरात उभ्या असतात तरी स्टेप्स ६४०. पाण्याची तर ते आठवणच करत नाही. रात्री तीनदा उठतात आणि सकाळी अॅप म्हणतं सात तास झोप. सॉरी, पण यापेक्षा फ्रीजवर चिकटवलेला कागद बरा. तुम्ही स्वतः सत्तरीच्या माणसाला हे वापरायला लावलंय का?”

ताई, लावलंय, आईला, आणि तिचाही फोन माझा जुना आयफोनच आहे. पाणी आणि झोपेच्या बाबतीत तुमच्याशी बऱ्यापैकी सहमत आहे, स्टेप्सच्या बाबतीत अर्धी, गोळ्यांच्या बाबतीत मात्र अजिबात नाही, म्हणून आधी गोळ्यांवरच येते आणि तिथेच जरा जास्त वेळ घेते.

तुमच्याकडे गडबड कुठे होतेय ते बघा. फोन वाजतो तेव्हा सासूबाई कुठे असतात? ओट्यापाशी, देवापाशी, टीव्हीसमोर. गोळ्यांची डबी बेडरूममध्ये. वाजणारी वस्तू गप्प करायची हा कुणाचाही पहिला विचार, आणि समोर दिसतं `Taken`, मग दाबलं. आता अॅपच्या दृष्टीने विषय संपला, ते पुन्हा विचारणार नाही. म्हणजे नोटिफिकेशनकडे साफ दुर्लक्ष केलं असतं तरी चाललं असतं, ते खोटं `Taken` जास्त वाईट. कारण आयओएस १७ पासून यात एक सोय आहे, नोंद झाली नाही तर अर्ध्या तासाने ते परत आठवण करतं. `Medications` मध्ये अगदी खाली `Options` आहे, त्यात `Follow Up Reminders` चालू करा, आणि महत्त्वाच्या गोळीला `Critical Alerts` पण द्या, मग फोन सायलेंटवर असला तरी ती दुसरी आठवण वाजते. आईला मी एकच नियम सांगितला, वाजलं की फोनला हातच लावायचा नाही, आधी गोळी, मग पाणी, मग फोन. आणि डबी फोनच्या चार्जरशेजारी आणून ठेवली. या जागाबदलाने जितका फरक पडला तितका कुठल्याच सेटिंगने पडला नाही, हे पण सांगून टाकते.

आता वेळा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर १-०-१ लिहिलेलं असतं आणि आपण सरळ सकाळी ८ आणि रात्री ८ टाकून मोकळे होतो, तिथेच घोळ होतो. आईचंच उदाहरण घेते. तिला थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, मेटफॉर्मिन ५०० सकाळ-रात्र खाण्यासोबत, दुपारी कॅल्शियम, आणि आठवड्यातून एकदा व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पुडी. थायरॉइडची गोळी चहा-नाश्त्याच्या किमान अर्धा तास, जमलं तर तासभर आधी जायला हवी, आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास तरी लांब, नाहीतर ती नीट शोषलीच जात नाही. म्हणून थायरॉइड ६:२० ला, मेटफॉर्मिन पावणेआठला म्हणजे पोह्यांची बशी खरोखर हातात येते तेव्हा, कॅल्शियम दीडला जेवणासोबत, आणि रात्रीचं मेटफॉर्मिन साडेआठला कारण आमच्याकडे पानं तेव्हाच घेतात. तुमच्याकडे नऊला जेवत असाल तर नऊ टाका, चिठ्ठीतल्या ‘रात्री’ला घड्याळ नसतं.

डीची पुडी मात्र `Specific Days of the Week` मध्ये जाऊन फक्त रविवार निवडून टाकायची आणि डॉक्टरांनी जितके आठवडे सांगितलेत तेवढीच शेवटची तारीख द्यायची. ही पुडी रोजची समजून घेणारी माणसं असतात आणि ते खरंच धोक्याचं आहे, रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मळमळ, बद्धकोष्ठता, पुढे किडनीपर्यंत जातं. कागदावर पण ‘आठवड्यातून एकदा’ लिहिता येतं हो, पण आज रविवार आहे हे कागद सांगत नाही. आणि ती मी दीडला न ठेवता पावणेदोनला ठेवली, जेवण होता होता. का, तर एकाच वेळेला दोन औषधं टाकली की दोन्हीची मिळून एकच नोटिफिकेशन येते आणि त्यात सगळी एकदम घेतली असं दाबायची सोय असते. एक गोळी तोंडात, एक डबीत आणि नोंद दोन्हीची, हे तिथून होतं.

नावाचं पण बघा. औषधाच्या पानावर एडिट केलं की टोपणनाव देता येतं, तिथे मराठीत लिहा, ‘उपाशीपोटीची बारीक’, ‘नाश्त्याची पांढरी’ वगैरे, सासूबाई ज्या नावाने ओळखतात ते. गोळीचा आकार, रंग पण निवडता येतो. फक्त केमिस्टने दुसऱ्या कंपनीची स्ट्रिप दिली की रंग बदलतो, तेव्हा तो अॅपमध्ये पण बदलावा लागतो, नाहीतर म्हातारं माणूस “ही आपली नाहीच” म्हणून बाजूला ठेवून देतं.

अॅपवर विश्वास किती ठेवायचा याचा साधा हिशोब आहे. समजा १५ गोळ्यांची मेटफॉर्मिनची नवी स्ट्रिप सोमवारी सकाळी फोडली. दिवसाला दोन, म्हणजे शनिवारी रात्री १२ गेलेल्या हव्यात आणि ३ शिल्लक. अॅपमध्ये सगळीकडे `Taken` आणि स्ट्रिपमध्ये ५ उरल्या, तर दोनदा बटण दाबलंय आणि गोळी गेलेली नाही. उलट २ च उरल्या तर एकदा डबल झालीये, आणि हे पण होतं, गोळी घेतली, बटण दाबायचं राहिलं, अर्ध्या तासाने परत वाजलं, “अरे राहिली वाटतं” म्हणून दुसरी घेतली. सासूबाईंना ग्लिमेपिराइडसारखी साखर खाली आणणारी गोळी असेल तर हे डबल जाणं हलक्यात घेऊ नका, साखर एकदम उतरू शकते, घाम, थरथर, चक्कर. त्यासाठी वारांचे कप्पे असलेली डबी हवीच, सकाळ-दुपार-रात्र वेगवेगळे कप्पेवाली. कप्पा रिकामा दिसला की घेतली, फोन काहीही म्हणो. अॅपचं काम वेळ सांगायचं, घेतली का नाही हे डबीला विचारायचं. आणि राहिलेल्या गोळीचं काय करायचं हे प्रत्येक औषधाचं वेगळं असतं, ते डॉक्टरांनाच एकदा विचारून त्याच टोपणनावाच्या रकान्यात थोडक्यात लिहून ठेवलं तरी चालतं.

आता झोप, कारण तिचा गोळ्यांशी संबंध आहे. घड्याळ नसेल तर हा फोन झोप मोजत नाही, मोजूच शकत नाही. तुम्ही ठरवून दिलेल्या झोपेच्या वेळेत फोन कधी वापरला, कधी नाही, यावरून अंथरुणात किती वेळ असाल याचा तो अंदाज बांधतो. सासूबाई तीनदा बाथरूमला जाऊन आल्या आणि फोन उशाशीच पडून राहिला, तर फोनच्या लेखी त्या गाढ. तेच रात्री तीनला व्हॉट्सअॅप उघडलं असतं तर त्याला कळलं असतं! ते सात तास तुम्ही सरळ सोडून द्या. खरं विचारायचं तर तीनदा उठणं हीच डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे, वाढलेल्या साखरेने होतं, लघवीची गोळी संध्याकाळी उशिरा घेतल्याने पण होतं. पण झोपेचं शेड्यूल लावलेलं असेल तर एक तपासा, त्याबरोबर स्लीप फोकस चालू होतो आणि तो नोटिफिकेशन दाबून टाकतो. उठायची वेळ सात आणि थायरॉइडची आठवण ६:२० अशी असेल तर ती मुकाट येऊन पडू शकते. म्हणून आईची उठायची वेळ मी सव्वासहा ठेवलीये, फोकस संपतो आणि पाच मिनिटांनी गोळी वाजते. झोपेच्या सेटिंगमधला माझ्यासाठी कामाचा भाग एवढाच.

स्टेप्स ६४० कारण फोन ओट्यावर. पावलं मोजणारी चिप फोनमध्ये आहे, पायात नाही, फोन अंगावर असला तरच ती मोजते. साडीला खिसा नसतो हे ज्यांनी बनवलं त्यांच्या डोक्यात नसणार. त्यामुळे घरातल्या कामाचा आकडा त्यातून शोधूच नका. संध्याकाळच्या फेरीला जाताना पाऊचमध्ये फोन ठेवा आणि फक्त त्या फेरीची तुलना करा, या सोमवारची मागच्या सोमवारशी. बरोबर मोजतोय का हे बघायचं असेल तर मनात २०० पावलं मोजत चाला आणि अॅपमधला आधीचा-नंतरचा आकडा बघा, दहावीस इकडेतिकडे चालेल. आणि कुणी १०,००० चं टार्गेट सांगत असेल तर तो आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आलाय, कुठल्या डॉक्टरच्या चिठ्ठीतून नाही.

पाणी. इथे तुमचा कागद जिंकला. हेल्थ अॅपमध्ये `Nutrition` मध्ये `Water` आहे, पण प्रत्येक ग्लास हाताने टाकायचा आणि आठवण ते स्वतःहून करत नाही. मला स्वतःला हौस म्हणून मी शॉर्टकट्समध्ये `Log Health Sample` वापरून २५० मिलीचं एक बटण होमस्क्रीनवर ठेवलंय, एका टॅपमध्ये नोंद होते, पण सत्तरीच्या बाईला दिवसातून आठ वेळा हे करायला लावायचं कशाला? मुतखडा होऊन गेलेला असेल आणि डॉक्टरांनी भरपूर पाणी सांगितलं असेल, किंवा हार्ट-किडनीसाठी उलट पाणी कमी करायला सांगितलं असेल, तर दोन्हीला एकच उपाय, सांगितलेलं माप सकाळी बाटल्यांमध्ये भरून ठेवायचं आणि त्यातूनच प्यायचं. ज्यांना पाणी कमी सांगितलंय त्यांनी पाणी प्यायची आठवण करणारं कुठलंही अॅप ठेवूच नये, चहा-ताक-आमटी पण त्याच मापात धरायची असते, ते डॉक्टरांना विचारून घ्या.

एक राहिलं, सासूबाईंचा फोन कुठला आहे? आयफोन ८ किंवा टेन असेल तर तो आयओएस १६ च्या पुढे जात नाही, म्हणजे गोळीची पहिली आठवण येईल पण अर्ध्या तासानंतरची ती दुसरी मिळणार नाही. तसं असेल तर थायरॉइड आणि साखरेच्या गोळीसाठी प्रत्येकी वीस मिनिटांनंतरचा एक साधा अलार्म घड्याळात लावा, अलार्मला नाव द्या ‘कप्पा बघा’. मॉडेल `Settings` मध्ये `General`, मग `About` मध्ये दिसेल, इथेच लिहा, मग पुढचं सांगते.