किल्ली तुमची, पण घरात माणसं राहतात!

काका, घर तुमचं, मान्य. पण रविवारी दुपारी बायकामुलं झोपलेली असताना 'सहज आलो' म्हणत थेट बेडरूमपर्यंत यायचं, हे किती दिवस? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम २८ वाचा. पाहणीचा हक्क तुम्हाला आहेच, पण आधी सूचना देऊन आणि वाजवी वेळी. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांनाही ते लागू आहे. किती तास आधी, हे कलमात नाही, आणि सगळा घोळ तिथेच होतो. म्हणून पुढच्या करारात स्पष्ट लिहूया: २४ तास आधी मेसेज, कारणासह, आमचं उत्तर आल्यावरच भेट. नुसता फोन नको, नंतर 'सांगितलं होतं की' सुरू होतं. पाइप फुटला तर अर्थात लगेच या.