आठाचा गुणाकार आणि अर्ध्या पानाची टिपणी

आठवडाभराची रजा मंजूर झाली, पण पर्यवेक्षकांनी अट घातली की, दहावीच्या बीजगणिताचा तास सांभाळणाऱ्या शिक्षकांसाठी मी लेखी टिपणी ठेवावी आणि ती अर्ध्या पानात बसवावी. त्यांनी दिलेल्या कागदावर ‘घटक’, ‘उपघटक’ आणि ‘शेरा’ असे तीन रकाने आधीच आखलेले होते. शेऱ्याच्या रकान्यात फार तर ‘ठीक’ हा शब्द मावला असता.

मला सांगायचे होते ते एवढेच. वर्ग सध्या वर्गसमीकरणे अवयव पद्धतीने सोडवतो आहे. (x − 3)(x + 4) = 0 असे दिले की, मुले प्रत्येक कंस शून्याबरोबर ठेवतात आणि 3 व −4 ही मुळे काढतात; ते योग्यच आहे. मात्र उजवीकडे शून्याऐवजी आठ आला, तरी तीच मुले त्याच उत्साहाने x − 3 = 8 आणि x + 4 = 8 असे लिहून 11 आणि 4 ही उत्तरे देतात. यात खरा घात असा की, 4 हे उत्तर बरोबर निघते. म्हणून मी टिपणीत लिहिले की, हे उदाहरण फळ्यावर पहिले घेऊ नये.

बदली तासाला येणारे सर इतिहास शिकवतात. स्वभावाने सज्जन आहेत. नागपूरच्या उन्हात दुपारी दोन वाजतासुद्धा त्यांचा आवाज चढत नाही. शिक्षक खोलीत त्यांनी टिपणी वाचली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, “सर, तुम्ही याला चूक काऊन म्हणता? चार तर आलेच ना!”

मी म्हणालो, “अकरा घालून ताळा करून पाहा. पहिला कंस आठ, दुसरा पंधरा, गुणाकार एकशे वीस.”

ते क्षणभर थांबले. “पण एकशे वीस म्हणजे आठाचीच पट आहे, सर.”

या वाक्याला काय उत्तर द्यावे, हे कोणत्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत, आणि प्रशिक्षणे तर आम्हाला उठसूट देतात. मी शांतपणे सांगितले की, गुणाकार शून्य असेल तर दोहोंपैकी किमान एक संख्या शून्य असावीच लागते. आठाला मात्र अशी सक्ती नाही. एकाला आठ, दोनाला चार, सोळाला अर्धा, उणे एकला उणे आठ, कोणतीही जोडी चालते. चार बरोबर आले, कारण तेव्हा दुसरा कंस आठ होतो आणि पहिला योगायोगाने नेमका एक होतो. खरी रीत म्हणजे कंस सोडवून आठ डावीकडे न्यायचा: x² + x − 20 = 0, म्हणजे (x + 5)(x − 4) = 0, म्हणून मुळे 4 आणि −5. उणे पाच घातल्यावर कंस उणे आठ आणि उणे एक होतात, गुणाकार पुन्हा आठच.

“म्हणजे एक उत्तर मुलाने शोधले आणि एक राहिले,” त्यांनी निवाडा दिला. “तहात दोन्ही पक्षांना काही तरी सोडावेच लागते. अर्धे गुण द्या ना, बाप्पा.”

शेजारी वह्या तपासणाऱ्या मॅडमनी मान डोलावली, आणि बीजगणिताचा निकाल बहुमताने लागला.

मी माघार न घेता सुचवले की, आधी उजवीकडे अठरा घ्यावेत. त्याच चुकीच्या रीतीने 21 आणि 14 येतात, आणि ताळा करताच दोन्ही आपटतात. चौदा घातल्यावर गुणाकार अकरा गुणिले अठरा, म्हणजे एकशे अठ्ठ्याण्णव होतो. खरी मुळे 5 आणि −6. मुलाला आपली चूक आपल्या डोळ्यांनी दिसल्यावर मग आठाचे उदाहरण द्यावे आणि दोन्ही उत्तरांचा ताळा वहीत लिहून घ्यावा. नुसते पुस्तकामागचे उत्तर जुळवले, तर चार पाहून तो खुशाल बरोबरची खूण करील आणि परीक्षेतही तसेच लिहील. त्या पेपरची जबाबदारी पुन्हा माझ्याच गळ्यात, कारण निकालाच्या बैठकीत ‘बदली तास’ नावाचे कारण ऐकून घेण्याची पद्धत नाही.

इतिहासाचे सर समजून गेले असावेत, कारण त्यांनी अठराचा आकडा तळहातावर लिहून घेतला. टिपणी मात्र पर्यवेक्षकांकडे गेली आणि लाल शाईने आटोपशीर होऊन परत आली. घटक: वर्गसमीकरणे. उपघटक: अवयव पद्धत. शेरा: सराव घ्यावा. अठराचे उदाहरण ‘पाठ्यपुस्तकाबाहेरील’ म्हणून कापले होते. आठाचे ठेवले होते, आणि त्यापुढे कंसात ‘सोपे, प्रथम घ्यावे’ असे लिहिले होते.