'वय अधिक शंभर' हा हिशेब आता सोडूया

«ज्येष्ठांनो, बीपीला घाबरू नका. वयात १०० मिळवा, तेवढं बीपी तुमच्यासाठी नॉर्मल. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही तर मोजायचं कशाला? आणि घरची मशीन तर दर वेळी वेगळाच आकडा दाखवते, तिच्यावर विश्वास ठेवू नका.»

चवथीला घरी आलेल्या तिघांनी मला हा मेसेज दाखवला. घाबरू नका, एवढं त्यातलं मला पटतं. बाकीच्याबद्दल, आरोग्य केंद्रात वर्षानुवर्षं बीपी मोजलेली परिचारिका म्हणून सांगते.

शंभराचा हिशेब एके काळी डॉक्टरही मानायचे. वयाबरोबर रक्तवाहिन्या ताठर होतात आणि वरचा आकडा चढतो, हे खरंच आहे. पण पुष्कळांना होतं म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. २००८ साली 'हायव्हेट' नावाच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीत ८० वर्षं आणि त्यापुढची ३,८४५ माणसं होती, सगळ्यांचा वरचा आकडा १६० किंवा जास्त. निम्म्यांना गोळ्या देऊन बीपी १५०/८० पर्यंत आणायचा प्रयत्न केला. त्या गटात मृत्यू कमी झाले, हृदय थकून दम लागण्याचे प्रकारही खूप कमी झाले. म्हणजे ऐंशी उलटली तरी उपचाराचा फायदा होतो. मात्र नेमका किती आकडा गाठायचा, हे प्रकृती बघून डॉक्टर ठरवतात. अशक्त, वारंवार तोल जाणाऱ्या माणसासाठी ते जरा सैल ठेवतात.

त्रास होत नाही, हा मुद्दा लवकर संपतो. वाढलेलं बीपी बहुतेकांना जाणवतच नाही. म्हणून तर मोजायचं.

मशीनचं मात्र नीट सांगायला हवं, कारण तिथे लोकांचा अनुभव खरा आहे, फक्त दोष भलत्यावर जातो. आमच्या शेजारच्या काकी ७६ वर्षांच्या. फोंड्याच्या बाजारातून पिशवी घेऊन, पायऱ्या चढून आल्या आणि सोप्यावर पाय लोंबकळत ठेवून बसल्या. मुलाने झग्याच्या बाहीवरूनच पट्टा बांधला, त्यांचं बोलणं चालूच होतं. आकडा आला १७२/८४. सगळं घर हादरलं.

मी त्यांना पाठ टेकता येईल अशा खुर्चीत बसवलं. पाय जमिनीवर, एकावर एक नाहीत. लघवीला जाऊन यायला सांगितलं, कारण भरलेल्या मूत्राशयानेही आकडा चढतो. पाच मिनिटं गप्प. मग उघड्या दंडावर पट्टा, हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीला. हात खाली लोंबत असला तर आकडा उगाच जास्त येतो. पहिल्यांदा १५६, एका मिनिटाने १५२. मशीन तीच, काकी त्याच.

पण १५२ वरूनही निदान करायचं नाही. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक वेळी मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं. सकाळी चहा आणि गोळ्यांच्या आधी. वहीत सगळे आकडे लिहायचे, आवडलेले तेवढेच नाहीत. पहिल्या दिवसाचे सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. घरी ती १३५/८५ च्या वर गेली तर बीपी वाढलेलं धरतात. दोन्हींपैकी एकच आकडा वर असला तरी पुरे. काकींची सरासरी आली १४६/७४. घाबरण्यासारखं काही नाही, पण डॉक्टरांना वही दाखवण्यासारखं नक्की.

मशीन दंडाला बांधायची घ्या, मनगटाची नको. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा जास्त येतो. ती वर्षातून एकदा आरोग्य केंद्रात नेऊन तिथल्या मशीनशी ताडून घ्या. नाडी अनियमित असेल तर मात्र घरच्या मशीनवर विसंबू नका, तिथेच मोजून घ्या.

एखादा आकडा मोठा आला तर पाच मिनिटं बसून पुन्हा मोजा. १८० च्या वरच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. सोबत छातीत दुखत असेल, दम लागत असेल, तोंड वाकडं झालं असेल किंवा हातापायातली शक्ती गेली असेल, तर पुन्हा मोजत न बसता १०८ ला फोन करा. स्वतःच्या मनाने गोळी वाढवू नका, आकडा बरा आला म्हणून सोडूही नका.

काकींना डॉक्टरांनी कमी मात्रेची एक गोळी दिली, जेवणातलं खारं आणि लोणचं आवरायला सांगितलं. महिन्याने सरासरी १३२ झाली. मी त्यांना उभं करूनही मोजलं, कारण या वयात उठल्यावर वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर पडायची भीती असते, आणि ते डॉक्टरांना सांगावं लागतं. बसून १३२, उभं राहून तीन मिनिटांनी १२६. काकी म्हणाल्या, "आता बाजाराला जाऊ ना गो?" मी म्हटलं, "जा, पण आल्याआल्या मोजू नका."