गॅस गीझर बाथरूमच्या आत नकोच

थंडी पडली की मला फोन सुरू होतात. "दादा, गीझरचं पाणी पहिल्यासारखं तापत नाही, येऊन बघता का?" दुरुस्तीचा धंदाच माझा, त्यामुळे फोन आला की बरंच वाटतं. पण गीझर बंद बाथरूमच्या आत टांगलेला असेल तर साफ करून पुन्हा तिथेच लावायला मी हल्ली सरळ नाही म्हणतो. काही गिऱ्हाइकं तुटतात. तुटू देत.

"इतकी वर्षं वापरतोय, काही झालं नाही" हे उत्तर ठरलेलं. त्यावर एक हिशोब करून बघा. मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा गीझर पूर्ण चालला तर तासाला किलोभराच्या आसपास गॅस जाळतो. किलोभर गॅस नीट जळायला साधारण १२ घनमीटर हवा लागते. म्हणजे १५ मिनिटांच्या अंघोळीला ३ घनमीटर. आता ४ बाय ६ ची, ८ फूट उंचीची बाथरूम घ्या. तिच्यात हवाच सगळी मिळून साडेपाच घनमीटर! दार लावलेलं, खिडकी बंद, आणि जळालेली हवा फिरून पुन्हा त्याच बर्नरमध्ये. ऑक्सिजन संपायची गरज नसते, २१ टक्क्यांवरून दोन-तीन टक्के घसरला तरी गॅस अर्धवट जळू लागतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. म्हणून पहिल्याची अंघोळ निभावून जाते. लागोपाठ जाणारा दुसरा-तिसरा सापडतो, किंवा केस धुवायला जास्त वेळ थांबलेली बाई.

मागच्या थंडीत सिंहगड रोडला एका काकूंकडे गेलो होतो. तक्रार तीच, पाणी कोमट. खिडकीच्या काचपट्ट्यांना आतून थर्माकोल लावलेला, गार वारा येतो म्हणून. गीझरच्या वरच्या टाइल्सवर काळपट पट्टा. कव्हर काढून पेटवला तर ज्योत निळी, ताठ असायला हवी ती पिवळी, हलणारी, वरच्या तांब्याच्या फिनना चाटणारी. फिनच्या फटी काजळीने गच्च. काजळीमुळे उष्णता पाण्यात उतरत नाही, म्हणून काकूंनी नॉब वाढवत नेला होता. नॉब वाढला तसा गॅस वाढला, काजळी आणखी धरली, वर जायची वाट बुजली आणि धूर पुढच्या फटीतून आत यायला लागला.

"काकू, अंघोळीनंतर कुणाचं डोकं दुखतं का?"

"सुनेचं दुखतं हो, मळमळतंही. पित्ताचा त्रास आहे तिला."

मी तो गीझर त्या दिवशी परत जोडला नाही.

लोक वासावर विसंबतात. सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम दिलेला असतो, गळती कळावी म्हणून. कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही. ज्वलन बिघडलं की कधी डोळे चुरचुरतात, उग्र आंबूस वास येतो, पण दर वेळी येईलच असं नाही.

"एक्झॉस्ट फॅन आहे की!" असंही ऐकतो. दार बंद आणि हवा आत यायला वाट नाही, अशा खोलीत तो पंखा धुराड्याच्या पाइपमधूनच उलटी हवा ओढू शकतो. शिवाय लाइट गेली की पंखा बंद, गीझर मात्र सेलवर चालूच. स्वस्त गीझरना तर धुराड्याचा पाइप जोडायला जागाच नसते, वर नुसत्या फटी. पाइप असेल तर तो आधी सरळ वर जाऊन मोकळ्या हवेत निघाला पाहिजे. फॉल्स सीलिंगमध्ये सोडलेले पाइप मी पाहिलेत, शेजाऱ्यांच्या खिडकीखाली काढलेलेही. आणि पाइप असला तरी खालून ताजी हवा यायला कायमची उघडी जाळी लागतेच. गळलेला गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत बसतो, त्यालाही तीच वाट.

माझं मत विचाराल तर गीझर ड्राय बाल्कनीत, उघड्या बाजूला लावा आणि गरम पाण्याचा पाइप आत घ्या. खर्च थोड्या पाइपाचा आणि भिंतीला एका भोकाचा. भाड्याच्या घरात मालक ऐकत नसेल तर तोवर दार-खिडकी सताड उघडी ठेवून बादली भरा, गीझर बंद करा, हवा खेळू द्या, मग आत जा.

आत गेलेलं माणूस हाकेला ओ देत नसेल तर दार तोडा, गॅस बंद करा, त्याला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन लावा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर ९८ दाखवत असेल तरी त्यावर जाऊ नका. कार्बन मोनॉक्साइड धरलेलं रक्त त्या यंत्राला ऑक्सिजनवालंच वाटतं. हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर "चक्कर आली" एवढंच सांगू नका, बाथरूममध्ये गॅस गीझर चालू होता हे पहिल्यांदा सांगा, म्हणजे ऑक्सिजन लगेच सुरू होईल.