उभ्या रेघांचा जाच

प्रोग्रॅम लिहिणं त्यामानानं सोपं. त्याला निदान चूक झाली की ओरडायची अक्कल असते. खरा घाम निघतो तो README मधल्या पर्यायांच्या तक्त्याला, कारण तो बिघडला तरी हूं की चूं करत नाही.

माझा `patti` नावाचा एक बारकासा प्रोग्रॅम आहे. हळदीच्या सौद्यांची CSV फाइल घ्यायची, बारदान, हमाली, तोलाई वजा करायची आणि शेतकऱ्याच्या हातात द्यायची पट्टी काढायची, एवढंच त्याचं काम. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका ओळखीच्या अडत दुकानात तो रोज चालतो आणि बिनतक्रार चालतो. मग मिरजेच्या एका मुलानं, पुण्याच्या एका मित्रानं आणि माझ्या भाच्यानं तो वापरायला मागितला. आता त्यांना सांगायला पाहिजे की कमांडला कोणते पर्याय आहेत, न दिल्यास प्रोग्रॅम काय धरतो आणि कशानं काय होतं. तीन रकाने आणि मूठभर ओळी. रविवारी सकाळी चहा घेता घेता होईल असं वाटणारं काम.

README ज्या साध्या खुणांच्या पद्धतीत लिहितात ते मार्कडाउन जॉन ग्रुबर यांनी 2004 मध्ये आणलं तेव्हा त्यात तक्ता नव्हताच. हवा असेल तर सरळ HTML लिहा, असा मामला होता. तो माणूस किती दूरदृष्टीचा होता हे मला फार उशिरा कळलं. उभ्या रेघांचे तक्ते मागाहून इतरांनी आणले, आणि आज GitHub वर चालतात ते नियम वरवर पाहता अगदी गरीब आहेत. पहिल्या ओळीत मथळे, दुसऱ्या ओळीत आडव्या रेघा, मग मजकूर. आडव्या रेघांच्या उजव्या टोकाला विसर्गासारखे दोन टिंब दिले की रकाना उजवीकडे सरकतो, दोन्ही टोकांना दिले की मधोमध बसतो. मथळ्याच्या ओळीत जितके रकाने तितकेच आडव्या रेघांच्या ओळीत हवेत. एक जरी कमी पडला तर तक्ता हा तक्ताच राहत नाही आणि सगळा मजकूर रेघांसकट एका परिच्छेदात कोंबला जातो. हा बिघाड मला मनापासून आवडतो, कारण तो लांबून दिसतो.

वाईट तो बिघाड जो दिसत नाही. भाच्यानं हौसेनं ही ओळ लिहिली होती:

```
| `--format csv|json` | `csv` | फाइलचा प्रकार |
```

वाचायला निर्दोष. पर्याय `--format`, त्याला `csv` किंवा `json` चालतं, काही नाही दिलं तर `csv`. आता `csv` आणि `json` यांच्या मधली ती उभी रेघ बघा. कमांडच्या जगात तिचा अर्थ ‘हे नाहीतर ते’. तक्त्याच्या जगात तिचा अर्थ ‘इथं रकाना संपला’. आणि तक्त्याचा नियम असा की रकाने आधी कापायचे, आतला मजकूर मग बघायचा. त्यामुळं उलट्या टिकल्यांच्या आत लपवली म्हणून ती रेघ सुटत नाही. ओळीचे झाले चार तुकडे. मथळे तीनच. मथळ्यांपेक्षा जास्त झालेले तुकडे GitHub गुपचूप टाकून देतं. म्हणजे ‘फाइलचा प्रकार’ हा मजकूर गेला बारा गडगड्याच्या विहिरीत, ‘काम’ या रकान्यात येऊन बसलं `csv`, आणि ‘न दिल्यास’ या रकान्यात ऐटीत उभं राहिलं `json`. सोबत एकेक अनाथ टिकली.

मिरजेच्या मुलानं तो तक्ता प्रमाण मानला. काही न देता कमांड चालवली, आलेली फाइल JSON समजून आपल्या ॲपला खाऊ घातली, आणि मग फोन.

“काय वो दादा, ही कसली JSON तुमची? पहिल्या अक्षरालाच अडतीया.”

“ती CSV आहे.”

“मग तिथं json का लिवलंय?”

मी फाइल उघडली. फाइलमध्ये बरोबर होतं. पानावर चूक होतं. असा संवाद फोनवर किती वेळ चालू शकतो याची कल्पना ज्यांनी तो केला आहे त्यांनाच येईल. शेवटी मी त्याला पानाचा फोटो पाठवायला सांगितलं आणि एकट्या पडलेल्या टिकल्या दिसल्यावर उलगडा झाला. तक्त्यात कुठं जोडी नसलेली टिकली दिसली, की त्या ओळीत एक रेघ जास्तीची आहे असं खुशाल समजावं.

उपाय पुस्तकी आहे: रेघेच्या आधी उलटी तिरकी रेघ द्या, `csv\|json` असं लिहा. पानावर ती तिरकी रेघ गायब होते आणि सगळं सुरळीत दिसतं. पण यार्डातल्या दुकानात इंटरनेट कधी असतं, कधी नसतं. तिथं README वाचतात ती `less` नं, काळ्या पडद्यावर, जशी लिहिली तशी. तिथं ती तिरकी रेघ ठसठशीत दिसते आणि कोणीतरी इमानदारीनं ती टाइपही करतं. म्हणून मी भांडणाचं मूळच काढलं. पहिल्या रकान्यात फक्त `--format`, आणि कामाच्या रकान्यात मराठीत ‘`csv` किंवा `json`’. ‘किंवा’ हा शब्द आपल्याकडे असताना रेघेच्या नादी लागायची गरज नव्हती.

पण काळ्या पडद्यावर वाचणाऱ्यांमुळं दुसरंच लफडं पुढं आलं. पानावर रकाने आपोआप सरळ होतात. फाइलमध्ये तुम्ही एक जागा सोडा नाहीतर पन्नास, GitHub ला सोयरसुतक नाही. फाइलमधली सरळ रेघ असते ती फक्त माणसासाठी. आणि आमचा माणूस म्हणजे दुकानाचे दिवाणजी. आयुष्यभर रोजमेळ लिहिलेला हा गृहस्थ. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, चष्मा वर केला, परत खाली घेतला.

“रेघा वाकड्या का वो?”

“मराठी आहे म्हणून.”

“मराठीचा काय दोष?”

आता काय सांगणार? इंग्रजी अक्षरं या पडद्यावर सारख्या मापाच्या खणात बसतात. म्हणून जागा मोजून भरल्या की रेघ सरळ येते. देवनागरीचा तसा हिशेब नाही. ‘पट्टी’ घ्या. डोळ्यांना दोन अक्षरं दिसतात. संगणकाच्या वहीत ती पाच आहेत: प, ट, हलन्त, पुन्हा ट, आणि वेलांटी. एक एडिटर पाच मोजतो, दुसरा हलन्ताला जागा देत नाही म्हणून चार. त्यात एडिटरच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसली तर तो कुठून तरी दुसरा फॉन्ट उसना आणतो, आणि त्याची अक्षरं कोणत्याच खणाच्या मापाची नसतात. तेव्हा माझ्या लॅपटॉपवर जागा मारून मारून सरळ केलेला तक्ता दुकानातल्या संगणकावर पुन्हा झिंगतो. दोन्हीकडं सरळ येईल असा जागांचा आकडा अस्तित्वातच नाही. मी बराच शोधला.

हे सगळं दिवाणजींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मग जे लांबतंय ते कडंला बसवा की. मधी कशाला घालताय?”

भाच्याची ओळ दुरुस्त करताना मी मराठी मजकूर मधल्या रकान्यात घातला होता आणि ‘न दिल्यास’ शेवटी. रकाने उलटेपालटे केले. इंग्रजीत असतं ते आधी: पर्याय आणि त्याची ठरीव किंमत. मराठी सगळं शेवटी. शेवटच्या रकान्याच्या पुढं कोणी नाही, तेव्हा तो कितीही वेडावाकडा संपला तरी कोणाच्या पायात येत नाही. ओळीच्या टोकाची बंद करणारी रेघही सक्तीची नाही, तीही काढली.

```
| पर्याय     | न दिल्यास | काम
|:-----------|--------:|:---
| `--in`     |       — | सौद्यांची CSV; द्यावीच लागते
| `--bardan` |     `1` | पोत्यामागे बारदान, किलोत
| `--date`   | `today` | पट्टीवरची तारीख
| `--format` |   `csv` | `csv` किंवा `json`
```

मथळ्याची ओळ अजून थोडी कलते, कारण मथळे मराठीत आहेत. दिवाणजींनी तेवढी माफ केली. `--in` पुढची आडवी रेघ मात्र त्यांच्याशी भांडून ठेवली. त्यांचं म्हणणं होतं की काही नाही तर जागा कोरी सोडा. पण कोऱ्या जागेचा अर्थ ‘लिहायचं राहिलं’ असाही होतो आणि ‘रिकामं चालतं’ असाही. पर्याय सक्तीचा असेल तर तसं दिसलं पाहिजे.

इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मग `--shetkari-id` हा नवा पर्याय आला. नाव लांब, म्हणून पहिला रकाना रुंद केला, म्हणजे प्रत्येक ओळीत जागा वाढवल्या. बदल पुण्याच्या मित्राकडं तपासायला गेला. त्याला दिसलं की सगळा तक्ता लाल आणि सगळा तक्ता हिरवा.

“अरे, तू सगळे डिफॉल्ट बदललेस की काय?”

“एकच ओळ वाढवली रे.”

“मग मला पूर्ण तक्ता का वाचायला लावतोयस?”

त्याला `git diff -w` चालवायला सांगितलं. त्यानं नुसत्या जागांचे फरक झाकले जातात. उरली नवी ओळ आणि एक जुनी: ती आडव्या रेघांची. रेघा म्हणजे काही मोकळी जागा नव्हे, त्या वाढल्या की तो git च्या लेखी खरा बदल. त्यावरही त्यानं एक प्रश्न विचारलाच. पुण्याचा आहे.

मग त्यानं सुचवलं की हे हातानं कशाला, फाइल सेव्ह झाली की Prettier आपोआप तक्ता लावेल. लावला. त्यानं मोठ्या जबाबदारीनं शेवटचा मराठी रकानाही सर्वांत लांब वर्णनाइतका ताणला, कडेची रेघ परत आणली, आणि दिवाणजींनी जिथं कडंला बसवलेलं तिथं पुन्हा झिंगलेल्या रेघांची रांग उभी राहिली. आता तक्त्याच्या डोक्यावर `<!-- prettier-ignore -->` अशी पाटी आहे. पानावर ती दिसत नाही.

सध्या पहिल्या रकान्याची रुंदी `--shetkari-id` च्या मापाची आहे आणि ती मी वाढवणार नाही. परवा पुण्याच्या मित्राला बाजार फीसाठी पर्याय हवा होता आणि त्यानं नाव धाडलं `--market-fee-percent`. मी `--cess` केलं. यार्डात सेसच म्हणतात, वापरणाऱ्याला पटकन कळेल, नाव आटोपशीर असावं, असं बरंच काही त्याला लिहून पाठवलं. त्याला पटलं. ‘रकान्यात मावत नव्हतं’ हे कारण मी त्याला कळवलेलं नाही.