मॅन्टू १३ मिमी, टीबी गोल्ड निगेटिव्ह: एका प्रतिक्रियेला उत्तर

*"ताई, मागच्या लेखात तुम्हीच लिहिलंत की टीबी गोल्ड ही रक्ततपासणी मॅन्टूपेक्षा अचूक आहे. माझ्या लेकीला (वय ३४) रुमॅटॉइड संधिवात आहे, मेथोट्रेक्सेट आणि स्टिरॉइड चालू आहे. आता बायोलॉजिक इंजेक्शन सुरू करायचंय. एकाच दिवशी आधी रक्त घेतलं, मग मॅन्टू टोचली. मॅन्टू १३ मिमी, टीबी गोल्ड निगेटिव्ह (०.२८), मायटोजेन १.९, एक्स-रे स्वच्छ. जन्मतः बीसीजी दिलेली, म्हणजे मॅन्टू पॉझिटिव्ह येणारच! तरी डॉक्टर तीन महिने टीबीच्या गोळ्या घ्यायला सांगतात. तुमचा लेख वाचून आम्ही जास्तच गोंधळलो. असं अर्धवट लिहू नये."*

काका, तुमचा राग मला मान्य आहे. 'अचूक' हा शब्द मी सैल वापरला आणि त्याचा त्रास तुम्हाला झाला. चाचणीच्या अचूकपणाच्या दोन बाजू असतात: ज्याला संसर्ग नाही त्याला उगाच पॉझिटिव्ह न ठरवणं, आणि ज्याला आहे तो हातातून निसटू न देणं. पहिल्या बाजूला टीबी गोल्ड खरोखरच सरस आहे. दुसऱ्या बाजूला ती मॅन्टूच्या फार पुढे नाही, आणि स्टिरॉइड घेणाऱ्या माणसात तर तिच्या निगेटिव्ह उत्तरावर पूर्ण भार टाकता येत नाही. हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं.

मुळात या दोन्ही चाचण्या, हातावर ट्युबरक्युलिन नावाचा द्राव टोचून फुगवटा पाहणारी मॅन्टू आणि रक्त तपासणारी टीबी गोल्ड, जंतू शोधतच नाहीत. त्या शोधतात शरीराची आठवण.

क्षयाचा जंतू श्वासातून फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या वायुकोशात पोचतो. तिथल्या मॅक्रोफेज पेशी त्याला गिळतात. एरवी गिळलेला जंतू पेशीच्या पोटातल्या एका पिशवीत आम्लाने विरघळून जातो, पण हा त्या पिशवीत आम्ल येऊच देत नाही, उलट पिशवीचं आवरण फोडायचा प्रयत्न करतो. त्यासाठी तो जी प्रथिनं बाहेर टाकतो त्यांतली दोन लक्षात ठेवा: ईसॅट-६ आणि सीएफपी-१०. पेशी मरतात, नवीन मॅक्रोफेज धावून येतात, तेही जंतू गिळतात. दोन ते आठ आठवड्यांत टी-पेशी नावाच्या संरक्षक पेशी तयार होऊन तिथे पोचतात आणि इंटरफेरॉन गॅमा हे रसायन सोडतात. त्या इशाऱ्यावर मॅक्रोफेज अधिक जोमाने जंतू मारू लागतात. काही एकमेकांत मिसळून मोठ्या बहुकेंद्रकी पेशी होतात, काही चपट्या होऊन एकमेकींना घट्ट चिकटतात, बाहेरून टी-पेशींचं कडं पडतं. मध्यभागी मेलेल्या पेशींचा चीजसारखा मऊ लगदा उरतो. हीच ती गाठ, म्हणजे ग्रॅन्युलोमा. ही बांधणी टिकवण्यात टीएनएफ नावाच्या रसायनाचा मोठा हात असतो. त्याच्याकडे मी पुढे परत येणार आहे, कारण तुमच्या लेकीचा प्रश्न तिथेच आहे.

गाठीच्या आत काही जंतू जिवंत राहिले, पण माणसाला ताप नाही, खोकला नाही, एक्स-रे स्वच्छ, तर त्याला आपण सुप्त क्षय म्हणतो. अशा माणसांपैकी सुमारे ५ ते १० टक्क्यांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो, तोही बहुतेक करून संसर्गानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत. कित्येकांच्या शरीराने जंतू केव्हाच संपवलेला असतो, तरी टी-पेशींची आठवण उरते आणि चाचणी पॉझिटिव्हच येत राहते. म्हणून १३ मिमी म्हणजे आत जिवंत जंतू आहेतच, असंही मी म्हणणार नाही.

आता बीसीजी. फ्रान्समध्ये कालमेत आणि गेरँ यांनी १९०८ ते १९२१ अशी १३ वर्षं गाईच्या क्षयाचा जंतू पित्त घातलेल्या बटाट्याच्या माध्यमावर २३० वेळा पुन्हापुन्हा वाढवला. तो सौम्य होत गेला. पुढे जनुकं वाचता आली तेव्हा कळलं की त्या वाटेवर त्याने आपल्या जनुकांचा एक तुकडा गमावला होता. आरडी-१ नावाच्या त्या तुकड्यातच ईसॅट-६ आणि सीएफपी-१० यांचा नकाशा आहे. म्हणजे ज्या हत्याराने जंतू मॅक्रोफेजच्या आत स्वतःची सोय करतो, तेच हत्यार लशीतल्या जंतूकडे नाही. टीबी गोल्डच्या नळीत नेमकी हीच दोन प्रथिनं असतात. बीसीजी घेतलेल्याच्या टी-पेशी ती ओळखत नाहीत, खऱ्या संसर्गाच्या ओळखतात. मॅन्टूच्या ट्युबरक्युलिनमध्ये मात्र जंतूची शेकडो प्रथिनं एकत्र असतात आणि त्यांतली बरीचशी बीसीजीत आणि माती-पाण्यातल्या भावकीतल्या जंतूंतही सापडतात.

इथवर तुमचं म्हणणं बरोबर आहे. चूक आहे ती 'येणारच' या शब्दात. जन्मतः दिलेल्या बीसीजीचा मॅन्टूवरचा परिणाम वर्षागणिक विरत जातो. २००६ साली अनेक देशांतल्या अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून तपासली गेली. तान्हेपणी लस घेतल्याला १० वर्षं उलटली की बीसीजीमुळे मॅन्टू पॉझिटिव्ह येणारे १०० मागे एकाच्या आसपास उरतात, असं त्यातून दिसलं. शाळेच्या वयात किंवा दुसऱ्यांदा बीसीजी घेतली असेल तर परिणाम जास्त टिकतो. तुमच्या लेकीची लस ३४ वर्षांपूर्वीची आहे, आणि माती-पाण्यातल्या जंतूंमुळे येणारी प्रतिक्रिया सहसा १० मिमीच्या आतच राहते. आपल्या देशात १५ वर्षांवरच्या जवळजवळ तिघांत एकाला हा संसर्ग आहे, असं २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत आढळलं, आणि ती मोजणी रक्ततपासणीने केलेली होती, मॅन्टूने नव्हे. अशा ठिकाणी १३ मिमीचं खापर बीसीजीवर फोडणं मला पटत नाही.

मात्र ते १३ मिमी खरे आहेत का, हे जरूर तपासा. दोन गोष्टी विचारा. पहिली, मोजलं काय? मॅन्टूत लाली मोजायची नसते, टणक फुगवटा मोजायचा असतो, ४८ ते ७२ तासांत, हाताच्या आडव्या रेषेत. बॉलपेन बाहेरून हलकेच सरकवत आणलं की फुगवट्याच्या कडेला अडतं. दोन्ही बाजूंच्या त्या दोन खुणांमधलं अंतर खरं. लाली २० मिमी आणि टणकपणा ६ मिमी असलेले हात मी बरेच पाहिलेत, आणि रिपोर्टवर २० लिहिलेलंही पाहिलंय. दुसरी, ट्युबरक्युलिनची ताकद किती होती? ५ टीयू वापरायचं असतं, पण १० टीयूच्या बाटल्याही मिळतात आणि त्यांनी फुगवटा उगाच मोठा येऊ शकतो. रिपोर्टवर ताकद लिहिलेली नसेल तर लॅबला फोन करून विचारा. ५ टीयू असेल आणि टणकपणाच मोजला असेल, तर १३ हा आकडा धरून चालायचं. स्टिरॉइडवर असलेल्या माणसात ५ मिमीलाही बरेच डॉक्टर पॉझिटिव्ह मानतात.

आता ०.२८. या तपासणीत चार नळ्या असतात. एक रिकामी, दोन क्षयाच्या प्रथिनांच्या, आणि चौथी मायटोजेनची, जी टी-पेशींना कसंही करून जागं करते. प्रत्येकीत एक मिली रक्त, ३७ अंशांवर १६ ते २४ तास, आणि मग इंटरफेरॉन गॅमा किती सुटलं त्याची मोजणी. रिकाम्या नळीचा आकडा वजा करून ०.३५ किंवा वर आलं की पॉझिटिव्ह. ही रेष कागदावर स्वच्छ दिसते, शरीरात तशी नसते. त्याच माणसाचं रक्त पुन्हा तपासलं तर ०.२८ चं ०.४ होऊ शकतं किंवा ०.१५ सुद्धा. साधारण ०.२ ते ०.७ हा पट्टा डळमळीतच समजतात. नळीत रक्त कमी भरलं, नळ्या नीट हलवल्या नाहीत, इन्क्युबेटरमध्ये जायला उशीर झाला, तरी आकडा घसरतो. मी पूर्वी जिथे काम करत होते तिथे एका संध्याकाळी नळ्या रात्रभर टेबलावरच राहिल्या होत्या, आणि त्या तुकडीतले मायटोजेनचे आकडे लाजिरवाणे खाली आले होते.

तुमच्या रिपोर्टमध्ये माझी नजर ०.२८ पेक्षा मायटोजेनवर अडली. ०.५ च्या वर असल्याने १.९ ला चाचणी वैध ठरते, हे खरं. पण निरोगी तरुण माणसात हा आकडा बहुधा १० च्या वर जातो. लेकीच्या टी-पेशी जोराचा धक्का देऊनही जेमतेम बोलल्या. अशा दबलेल्या पेशी क्षयाच्या प्रथिनांना ०.२८ इतकं उत्तर देत असतील, तर त्या 'निगेटिव्ह'ला मी ठाम नकार मानणार नाही. आता पुन्हा टीबी गोल्ड करून सोक्षमोक्ष लावावा असं मनात आलं, तर एक अडचण आहे. मॅन्टू टोचल्यावर साधारण तीन दिवसांनंतर घेतलेल्या रक्तात मॅन्टूनेच आकडा वर ढकललेला असू शकतो. तुमच्या लॅबने आधी रक्त घेतलं, ते योग्य केलं.

डॉक्टर दोन्हीपैकी एक पॉझिटिव्ह आली तरी गोळ्या द्यायला निघाले, याचं कारण टीएनएफ. संधिवातात सांधे सुजवतं तेही तेच, म्हणून ही बरीचशी इंजेक्शनं त्यालाच अडवतात. (तुमचं औषध टीएनएफविरोधी आहे का, हे एकदा विचारून घ्या, सगळी बायोलॉजिक तशी नसतात.) टीएनएफ अडलं की गाठीची बांधणी सैल पडते आणि आत कोंडलेला जंतू बाहेर पडू शकतो. इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफ अडवणारं औषध वापरात आल्यावर २००१ साली क्षय झालेल्या ७० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. निम्म्या रुग्णांत आजार औषध सुरू केल्यापासून १२ आठवड्यांच्या आतच दिसला होता, आणि ४० जणांत तो फुप्फुसाबाहेर होता. घट्ट गाठ नसली की जंतू कुठेही पसरतो, म्हणून तो फुप्फुसाबाहेर. तुमच्या लेकीला हे इंजेक्शन लागणारच नसतं, तर १३ मिमीवर थांबून पाहायचा विचार मीही केला असता. इथे ती जोखीम घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

तीन महिने म्हणाले म्हणजे बहुतेक आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन, आठवड्यातून एकदा, १२ डोस. इंजेक्शन या गोळ्या सुरू केल्यावर किमान महिनाभराने सुरू करतात. सोबत मेथोट्रेक्सेट असल्याने यकृताची तपासणी आधी आणि मधेमधे करून घ्या. मळमळ, भूक मरणं, लघवी गडद होणं यातलं काही दिसलं तर पुढचा डोस न घेता डॉक्टरांना कळवा. आणि पहिला डोस घेण्याआधी खोकला, रोजचा संध्याकाळचा ताप, वजन घटणं, मानेत गाठ असं काही नाही ना, हे नीट विचारून घेतलं गेलं पाहिजे. आजार आधीच चालू असेल तर प्रतिबंधाच्या या दोन औषधांनी तो बरा होत नाही, जंतू मात्र औषधाला दाद देईनासा होऊ शकतो.

आरडी-१ चीच प्रथिनं वापरून त्वचेवर टोचायची सीवाय-टीबी ही चाचणी आता पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. बीसीजीचा गोंधळ तिच्यात नाही, आणि रक्ताच्या नळ्यांची उठाठेवही नाही. पण दबलेल्या टी-पेशींचा प्रश्न तिलाही सुटत नाही, त्यामुळे तुमच्या लेकीसाठी आणखी एक सुई टोचून फारसं काही हाती लागणार नाही.

गोळ्या संपल्यावर मॅन्टू किंवा टीबी गोल्ड पुन्हा करून 'गेला का' हे पाहू नका. दोन्ही वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहू शकतात. इंजेक्शन चालू असताना दोन आठवडे ताप किंवा खोकला राहिला, किंवा पोटात, मानेत, पाठीत काही नवं जाणवलं, तर थुंकीची तपासणी आणि एक्स-रे, किंवा त्या जागेची तपासणी करायची.