मॅक्स न मारता मॅक्स कसा काढायचा

"फॉर्म्युले म्हणजे सगळं अंदाजपंचे दाहोदरसे. एकाच सेटला दोन फॉर्म्युले दोन उत्तरं देतात. खरी ताकद एकच रेप सांगतो. प्रोग्रामचे टक्के काढायचे असतील तर दर महिन्याला मॅक्स मारा, नाहीतर हवेत गोळीबार."

हा मेसेज गेल्या पंधरा दिवसांत मला चार जणांनी पाठवला. मॅक्स म्हणजे एका रेपला, म्हणजे एकदाच, उचलता येईल ते सगळ्यात जड वजन. प्रोग्राममधली वजनं त्याच्या टक्क्यांत असतात, आणि फॉर्म्युले ते हलक्या वजनाच्या सेटवरून अंदाजाने काढतात. चौघंही परभणीतले, आमच्याच शेडमध्ये सराव करणारे. त्यातला एक जण गेल्या सोमवारी बेंचवर एकटाच ८० किलो लावून झोपायच्या बेतात होता. "काय करायलास रे?" म्हटलं, तर म्हणाला, "सर, मॅक्स बघायलोय." त्याला उठवलं आणि वजन उतरवलं. त्या दिवशी त्याच्यासोबत जे केलं ते पुढे लिहितो, कारण मेसेजमधल्या एकेका मुद्द्याचं उत्तर त्यातच आहे.

दोन उत्तरांच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. दोन उत्तरं येतात हे खरं आहे, पण किती वेगळी येतात ते बघा. सगळ्यात जास्त वापरले जाणारे फॉर्म्युले हे दोन:

```
Epley:    1RM = W × (1 + R ÷ 30)
Brzycki:  1RM = W × 36 ÷ (37 − R)
```

1RM म्हणजे मॅक्स, W म्हणजे बारसकट वजन, R म्हणजे सेटमधले रेप. पहिला नेब्रास्का विद्यापीठाचे स्ट्रेंथ कोच बॉइड एप्ली यांचा, १९८५ चा. दुसरा मॅट ब्रिझकी यांचा, १९९३ चा.

आता त्या पोराचा सेट. आधी रिकाम्या बारवर १० रेप, मग ४० किलोवर ५, ५० वर ३, ५७.५ वर फक्त १. त्यानंतर चार मिनिटं बसवून ठेवलं. ही विश्रांती कुणी घेत नाही. दमलेल्या हातांनी सेट मारला की आकडा खाली येतो आणि दोष फॉर्म्युल्याला जातो. मग ६२.५ किलो लावले आणि मी डोक्याशी उभा राहिलो. बार प्रत्येक वेळी छातीला टेकला पाहिजे, उसळी नको, ढुंगण बेंचवरून उचलायचं नाही, वर कोपर पूर्ण सरळ. पहिले चार रेप सारख्याच वेगाने गेले. पाचवा जरा जड गेला. सहावा अर्ध्यावर रेंगाळला, पण रेघेत वर आला. तिथेच "ठेव" म्हटलं. विचारलं, "अजून किती गेले असते?" म्हणाला, "एक. दुसरा नसता गेला." मलाही तसंच वाटलं होतं.

राहिलेला तो एक रेप मोजायचा असतो. मारलेले सहा अधिक शिल्लक एक, म्हणून R झाला ७. एप्लीने ७७.१ किलो, ब्रिझकीने बरोबर ७५. फरक दोन किलोंचा. आमच्याकडची सगळ्यात लहान प्लेट सव्वा किलोची, म्हणजे बारच्या दोन्ही बाजूंना मिळून अडीच. दोन फॉर्म्युल्यांचं भांडण त्या सगळ्यात लहान जोडीपेक्षाही कमी आहे. दहाच्या आतल्या रेपला ब्रिझकी नेहमीच खाली राहतो. मी तोच खालचा आकडा धरतो आणि वाद संपवतो.

पण मेसेज लिहिणाऱ्याने फॉर्म्युले चुकताना पाहिले असतील, तर बहुतेक तो हलक्या वजनावर खूप रेप मारत असणार. तिथे त्याची तक्रार शंभर टक्के रास्त आहे. याच पोराने महिन्याभरापूर्वी ४० किलोवर २० रेप मारून मोबाइलवर हिशोब केला होता. एप्लीने ६६.७ दिले, ब्रिझकीने ८४.७. अठरा किलोंचा फरक. तो ८० किलो लावून झोपायला निघाला होता, तो या दुसऱ्या आकड्याच्या भरवशावर. ब्रिझकीत रेप ३७ झाले की खाली शून्य येतं, म्हणजे गणितच मोडतं. तो फॉर्म्युला तेवढ्या लांब न्यायसाठी केलेलाच नाही.

कारणही साधं आहे. पाच-सहा रेपच्या सेटमध्ये थांबवते ती स्नायूची ताकद. वीस रेपच्या सेटमध्ये थांबवते ती दंडातली जळजळ आणि दम. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं रोज १६०० मीटर पळतात. त्यांचा दम चिवट असतो, म्हणून हलक्या वजनावर ती रेप काढतच राहतात आणि फॉर्म्युला त्यांना फुगवून सांगतो. मोंढ्यात भरलेली पोती हलवणारा हमाल उलटा. जड वजन एकदा-दोनदा सहज उचलेल, पण बाराव्या रेपला धापा टाकेल, आणि फॉर्म्युला त्याला कमी लेखेल. दोघांनाही पाच रेपवर तपासा, आकडे बरेच ताळ्यावर येतात. म्हणून वजन असं निवडायचं की चार ते सात रेपच निघतील. दहाच्या पुढे गेलात तर तो सेट हिशोबात धरू नका.

इथे एक फसवी गोष्ट सांगतो. बरोबर दहा रेपला दोन्ही फॉर्म्युले तंतोतंत एकच उत्तर देतात, वजनाच्या एक पूर्णांक एक तृतीयांश पट. ४० किलोवर दहा मारले तर दोघंही ५३.३ म्हणतील. हे बघून काही जणांना वाटतं, दहा रेपचा सेट सगळ्यात अचूक. तसं नाही. दोन गणिती रेषा तिथे एकमेकींना छेदतात, एवढंच. दोघांचं एकमत झालं म्हणजे आकडा बरोबर आला असं होत नाही.

आता एकाच रेपने खरी ताकद कळते हा मुद्दा. ज्याने आयुष्यात कधी जड एक रेप मारलेला नाही, त्याच्या पहिल्या मॅक्समध्ये ताकदीपेक्षा घाबरणं जास्त मोजलं जातं. बार हातात घेताच वजन वेगळं लागतं, बार उतरवताना वाकडा होतो, श्वास कधी धरायचा ते सुचत नाही. पॉवरलिफ्टिंगवाले हे वेगळं शिकतात, कारण स्पर्धेत त्यांना प्रत्येक प्रकारात तीन संधी मिळतात आणि एकाच रेपचं वजन मोजलं जातं. त्यांनी जड एक रेप जरूर मारावा. तो त्यांचा सराव आहे. पण त्यांचंही आजचं आणि पुढच्या आठवड्याचं सारखं नसतं. मे महिन्यात इथे पारा चाळिशीच्या वर जातो, पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी चारला मारलेला सेट आणि सकाळी सहाला मारलेला सेट एक नव्हे. म्हणून आमच्याकडे मोजणीचा सेट नेहमी सकाळी, पायांचा किंवा छातीचा जड दिवस आदल्या दिवशी नसताना.

आणि किंमत काय मोजावी लागते तेही सांगतो. वीस वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका व्यायामशाळेत एकट्याने ८५ लावून बेंचवर झोपलो होतो. बारला दोन्हीकडे क्लिप घट्ट. खाली आला तो वर गेला नाही. क्लिप नसत्या तर एका बाजूला कलवून प्लेटा सांडता आल्या असत्या. मला तो बार छातीवरून पोटावर, पोटावरून मांड्यांवर लोळवत आणावा लागला. बरगड्यांवर दहा दिवस निळा पट्टा होता. सहा रेपच्या सेटमध्ये असं होणं फार अवघड आहे, कारण बार आधीच मंदावून इशारा देतो आणि एक रेप शिल्लक ठेवून आपण रॅकवर ठेवतो. एका रेपच्या मॅक्सला तो इशारा मिळेपर्यंत बार छातीवर असतो. तरीही बेंच असेल तर डोक्याशी माणूस पाहिजे, सहा रेपलाही. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्याने तर श्वास कोंडून मारायचा कुठलाही जड सेट डॉक्टरांना विचारल्याशिवाय मारू नये.

अंदाज खरंच कुठे चुकतो, ते मेसेजमध्ये नाही. पहिली चूक शिल्लक रेप ओळखण्यात होते. नवीन पोरगं "एकच राहिला" म्हणतं तेव्हा बऱ्याचदा तीन-चार राहिलेले असतात. त्यावर उपाय आहे. मशीनवर किंवा डंबेलवर, जिथे अडकायची भीती नाही, तिथे आधी अंदाज बोलून दाखवायचा आणि मग खरंच थांबेपर्यंत मारायचं. "एक राहिला" म्हणून तीन निघाले, तर आपला डोळा अजून कच्चा आहे. दोन-तीन आठवड्यांत तो सुधारतो.

दुसरी चूक रेपच्या प्रतीची. स्क्वॉटमध्ये शेवटच्या दोन रेपला पुरेसं खाली बसला नाहीत, तर ते मोजायचे नाहीत. डेडलिफ्टमध्ये जमिनीवर आपटून उसळीवर उचललेले रेप तर सरळ खोटे आहेत. प्रत्येक वेळी बार जमिनीवर थांबला पाहिजे, मगच पुढचा.

तिसरी चूक मला स्वतःला उशिरा कळली. आमचा बार विकणाऱ्याने वीस किलोचा म्हणून दिला होता. एका पोराचे चुलते मोंढ्यात आडत्याकडे कामाला आहेत. त्यांच्या काट्यावर तो ठेवला तर सोळा किलो आठशे ग्रॅम भरला. तीन किलो दोनशे ग्रॅमची तूट, म्हणजे ज्या दोन फॉर्म्युल्यांवरून लोक भांडतात त्यांच्यातल्या फरकापेक्षा जास्त. वर सांगितलेले ६२.५ हे नवा बार आल्यानंतरचे, तो आणि प्लेटा दोन्ही काट्यावर घालून मोजलेले. तुमच्या व्यायामशाळेतला बार एकदा तोलून घ्या.

राहिले टक्के. टक्क्यांसाठी दोन किलो इकडेतिकडे चालतात का, हे आकड्यांतच बघा. ७५ चे ८० टक्के म्हणजे ६०. ७७.१ चे ८० टक्के म्हणजे ६१.७. बारवर लावताना मी नेहमी खालच्या जोडीला धरतो, म्हणून दोन्हींत ६० च लागतात. त्यातही मी पूर्ण अंदाजावर टक्के काढतच नाही. आधी त्याचे ९० टक्के घेतो, त्यावर पुढचा हिशोब. ७५ चे झाले ६७.५. त्याचे ८० टक्के ५४, म्हणून त्या पोराच्या पाच-पाचच्या सेटला ५२.५ लावले. झोप कमी झालेल्या दिवशीही ते सेट पुरे होतात.

दर महिन्याला वेगळी परीक्षा घ्यायची गरजच उरत नाही. चार-सहा आठवड्यांनी तसाच एक सेट, त्याच बारवर, तशीच चार मिनिटं बसून. त्याच्या वहीत पुढची तारीख लिहून ठेवली आहे. त्या दिवशी ६७.५ लावणार. पाच स्वच्छ निघाले आणि एक शिल्लक राहिला तर R होईल ६, ब्रिझकीने ७८.४. मग ज्या आकड्यावर टक्के काढतो तो ६७.५ वरून ७० होईल, आणि बारवर सव्वा-सव्वाची एक जोडी वाढेल. चारच निघाले तर R पाच, आकडा ७५.९, आणि आहे तेच वजन आणखी महिनाभर.